धागा: तीस वर्षांचा रोजचा पाऊस, हजारो ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ बेरजा. प्रोग्राम फार वेळ घेतोय

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. आजोबांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा हा त्यांचा नेम. १ जानेवारी १९९४ पासून ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या वह्या मी या उन्हाळ्यात कॉम्प्युटरवर चढवल्या.

आता आजोबांचे प्रश्न सुरू झालेत. अमक्या वर्षी मृगात किती पडला? आर्द्रात किती? १८ जूनला पेरलं असतं तर पुढच्या बारा दिवसांत किती मिळाला असता? मी ठरवलं की एकदाच सगळं काढून ठेवू. दर वर्षी पेरणीची तारीख १० जून ते २० जुलैमधली कोणतीही, म्हणजे ४१ तारखा. प्रत्येक तारखेपासून पुढचे ५ ते ३० दिवस, म्हणजे २६ बेरजा. तीस वर्षांच्या मिळून ३१,९८० होतात. माझा कोड असा आहे:

```python
def total(d1, d2):
    return sum(mm for d, mm in rows if d1 <= d <= d2)
```

उत्तरं बरोबर येतात, पण घरच्या जुन्या लॅपटॉपवर एकेका वेळेला दीड-दोन मिनिटं लागतात. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले असतात आणि दर वेळी नवीन काहीतरी विचारतात. हे झटपट कसं करता येईल?

हिशेबनीस
ताई, यासाठी प्रोग्राम कशाला हवा? एक्सेलमध्ये एका कॉलमात तारीख, दुसऱ्यात पाऊस टाका. `SUMIFS` ला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या, बेरीज हजर. मी सोसायटीचा दूधसंकलनाचा सगळा हिशेब असाच ठेवतो. महिनाअखेरीला एकेका सभासदाचं दूध काढायला पाच मिनिटं पुरतात.

पऱ्हाटी
काका, एका बेरजेसाठी तेच सोपं आहे, मान्य. पण मला ३१,९८० बेरजा हव्या आहेत, आणि उद्या आजोबांनी तारखा बदलल्या की पुन्हा तेवढ्याच. `SUMIFS` खाली ओढत नेऊन पाहिलं. शीट अडकून बसली.

वर्धाकाठ
अडकणारच. एक्सेल काय किंवा तुझा कोड काय, आत काम तेच चाललंय. तुझ्या यादीत किती ओळी आहेत? १९९४ ते २०२३ म्हणजे ३० गुणिले ३६५, अधिक ७ लीप दिवस, १०,९५७. एका बेरजेसाठी तू या सगळ्या ओळींना विचारतेस, ‘तुझी तारीख यात बसते का?’ बारा दिवसांचा पाऊस हवा असला तरी विचारणा १०,९५७ जणांना. याला ३१,९८० ने गुण. पस्तीस कोटींच्या वर तुलना होतात. तुझी दोन मिनिटं तिथे जातात. बेरजेला वेळ जवळजवळ लागतच नाही.

म्हणून आधी एक गोष्ट कर. तारखेवरून थेट जागा काढ. १ जानेवारी १९९४ ही जागा ०, त्यानंतर जितके दिवस उलटले तितकी जागा:

```python
i = (d - date(1994, 1, 1)).days
```

एवढ्यानेच शोधाशोध संपते आणि हव्या त्या ५ ते ३० ओळींचीच बेरीज उरते. सरासरी साडेसतरा ओळी धरल्या तर एकूण साडेपाच लाख बेरजा. तुझ्या लॅपटॉपवरही त्या एका दमात होतील. खरं सांगायचं तर आजच्या प्रश्नाला एवढं पुरतं.

पण आजोबा थांबणार नाहीत असं दिसतंय. उद्या ते म्हणतील, जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत कोणत्याही दिवसापासून कोणत्याही दिवसापर्यंत सांग. तशा जोड्या एका वर्षाच्या ७,५०३, तीस वर्षांच्या सव्वादोन लाख. तेव्हा ओळी मोजत बसलीस तर ९३ लाख बेरजा होतील. तिथे प्रीफिक्स सम कामाला येतो. पहिल्या दिवसापासून चालू बेरीज एकदाच लिहून ठेवायची. मग कोणत्याही दोन तारखांमधला पाऊस म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी, मग मधे पाच दिवस असोत की पाच वर्षं.

खांबावरचा
मी लाईनमन होतो, आता रिटायर झालो. पोरी, मले तुमचं पायथन काही समजत नाही, पण हे जे दादा सांगून राह्यले ना, ते आम्ही जन्मभर केलं. मीटरवर रोजचे युनिट कुठी लिहिलेले असते? मीटर बसवलं तवापासूनची एकच बेरीज चालू राह्यते. १ तारखेपासून १० तारखेपर्यंत किती जाळली ते पाह्यचं असन तर १० तारखेच्या रातचं रीडिंग घे, अन् त्यातून आधीच्या महिन्याच्या ३१ तारखेच्या रातचं वजा कर. झालं काम.

नवीन पोट्टे इथंच चुकत. ते १० च्या रीडिंगातून १ तारखेच्या रातचंच रीडिंग वजा करत. मंग १ तारखेले जेवढी जाळली तेवढी हिशेबातून गायब. घरमालक भांडाले येत नव्हता, कारण बिल कमी येत होतं. म्हणून ती चूक लवकर कोणाच्या ध्यानातच येत नव्हती.

वर्धाकाठ
काका, याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. पऱ्हाटी, काकांचं ‘आदल्या रात्रीचं रीडिंग’ नीट लक्षात ठेव.

पऱ्हाटी
केलं, पण फसलं. २०११ च्या जूनमधले आठ दिवस घेऊन हाताने ताडून पाहिलं. ८ जूनला कोरडं, ९ ला १२.४, १० ला कोरडं, ११ ला ३१.०, १२ ला ५.६, १३ ला कोरडं, १४ ची जागा वहीत रिकामी, १५ ला ४२.२. सगळे मिलीमीटर. रिकाम्या जागी सध्या शून्य टाकलंय.

मी `C` नावाची यादी केली. `C[0]` मध्ये पहिल्या दिवसाचा पाऊस, `C[1]` मध्ये पहिल्या दोन दिवसांचा, अशी. मग `C[r] - C[l]`, `l` पहिल्या दिवसाची जागा आणि `r` शेवटच्या दिवसाची. ९ ते १२ जूनची बेरीज ४९.० यायला हवी होती, आली ३६.६. पण ८ ते १२ काढली तर ४९.० बरोबर आली! १० ते १२ पण बरोबर. अर्धी उत्तरं बरोबर आणि अर्धी चूक कशी?

नंतर वाटलं, काका म्हणतात तसं आदल्या दिवसाचं घ्यायला हवं. म्हणून `C[r] - C[l-1]` केलं. बाकी सगळं जुळलं, पण ८ ते १२ साठी उणे ४२.२ आलं. पाऊस उणे कसा येईल? आणि पायथनने एरर पण दिली नाही.

वर्धाकाठ
दोन्ही चुका नीट पाहू, कारण जवळजवळ प्रत्येकजण यातून जातो.

पहिली. ४९.० मधून ३६.६ गेले की उरतात १२.४. हा ९ तारखेचाच पाऊस. फरक बरोबर पहिल्या दिवसाच्या आकड्याएवढा आला की समजायचं, आपण पहिला दिवसच वजा करून टाकला. हीच काकांच्या पोट्ट्यांची चूक. ८ आणि १० जूनपासूनची उत्तरं बरोबर आली कारण ते दोन्ही दिवस कोरडे होते, शून्य वजा झालं. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस कोरडेच असतात. त्यामुळे चार-दोन तारखा अशाच उचलून तपासल्या असत्या तर कोड बरोबर वाटला असता. या कामात तपासणी नेहमी भरपूर पाऊस पडलेल्या दिवसापासून सुरू करायची.

दुसरी. पहिल्याच दिवसापासून बेरीज मागितलीस तेव्हा `l-1` झालं -1. पायथनमध्ये `C[-1]` म्हणजे यादीतला शेवटचा आकडा, म्हणून एरर नाही. ४९.० मधून शेवटची पूर्ण बेरीज ९१.२ गेली आणि उणे ४२.२ राहिले.

दोन्हीवर उपाय एकच. यादीच्या सुरुवातीला एक शून्य ठेव. मीटर बसवलं त्या दिवशीचं रीडिंग ते. आठ दिवसांसाठी नऊ आकडे होतील. आणखी एक, मिलीमीटरच्या ऐवजी दशांश मिलीमीटर धरून पूर्णांक घे, १२.४ चे १२४. रोजच्या पावसाची ही यादी म्हणजे `a`. का ते पुढे कळेल.

```python
from itertools import accumulate
P = list(accumulate(a, initial=0))
# P = [0, 0, 124, 124, 434, 490, 490, 490, 912]

def total(l, r):
    return P[r+1] - P[l]
```

`P[k]` म्हणजे पहिल्या `k` दिवसांचा पाऊस, असंच वाचायचं. ९ ते १२ जून या जागा १ ते ४. `P[5] - P[1]`, ४९० वजा ०, म्हणजे ४९.० मिलीमीटर. ८ ते १२ साठी `P[5] - P[0]`. उणे जागा कुठेच लागत नाही.

कोडवीर_अमरावती
चर्चा चांगली चाललीये, पण मी म्हणेन थेट फेनविक ट्री वापरा. प्रीफिक्स सममध्ये एक जुना आकडा बदलला की त्यापुढचे सगळे बदलावे लागतात. फेनविकमध्ये बदल आणि बेरीज दोन्ही १३-१४ पावलांत होतात. मी स्पर्धांमध्ये नेहमी तेच लिहितो. आणि याच पद्धतीने त्या काळातला सर्वात मोठा एका दिवसाचा पाऊस पण काढता येईल. बेरजेच्या जागी `max` ठेवायचं, बाकी सगळं तेच.

वर्धाकाठ
पहिलं म्हणणं बरोबर आहे, पण इथे त्याची गरज नाही. आजोबा वहीतली चूक दाखवतील महिन्यातून एकदा. तेव्हा `P` पुन्हा पहिल्यापासून बांधली तरी १०,९५७ बेरजा. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. फेनविक तेव्हा लागेल जेव्हा दुरुस्त्या आणि प्रश्न एकाआड एक आणि हजारोंनी येतील. आज तो घेतला तर एकेका बेरजेला दोन आकड्यांऐवजी वीस-पंचवीसपर्यंत आकडे पाहावे लागतील आणि हाती जास्तीचं काही येणार नाही.

दुसरं म्हणणं मात्र चूक आहे. बेरजेतून आधीचा भाग वजा करून काढून टाकता येतो. `max` मधून काहीच काढता येत नाही. सुरुवातीपासून १५ तारखेपर्यंतचा सर्वात मोठा पाऊस १४० आणि ८ तारखेपर्यंतचाही १४० असेल, तर ९ ते १५ मध्ये किती पडला हे या दोन आकड्यांवरून कसं सांगशील? त्यात १४० चा दुसरा दिवस असू शकतो किंवा सगळं कोरडंही असू शकतं.

मोजणी मात्र चालते. हवामान खातं २.५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस धरतं. प्रत्येक दिवसाला १ किंवा ० लाव, त्याची चालू बेरीज कर, की कोणत्याही काळातले पावसाचे दिवस त्याच वजाबाकीने मिळतात.

कोडवीर_अमरावती
`max` चं पटलं, तिथे स्पार्स टेबल ही वेगळी रचना लागेल. फेनविकचं मात्र नाही पटलं. उद्या हे गावातल्या सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकलं आणि रोज नवीन पाऊस भरायचा झाला तर?

वर्धाकाठ
रोजचा नवीन पाऊस शेवटाला जोडला जातो. `P` च्या शेवटी एक आकडा वाढतो, आधीचा एकही हलत नाही.

निंबोणीची_सावली
पऱ्हाटी, मी पावसाच्या नोंदींचंच काम करते म्हणून विचारते. १४ जूनची जागा वहीत रिकामी होती आणि तू तिथे शून्य भरलंस. ते खटकलं. रिकामं म्हणजे कोरडं नव्हे. चालू बेरजेत एकदा शून्य मिसळलं की शून्य पाऊस आणि नोंदच नाही यातला फरक कायमचा पुसला जातो. `P` मध्ये ४९०, ४९०, ४९० दिसतं. त्यातलं कोणतं खरंच कोरडं होतं हे नंतर कोण सांगणार?

दुसरी चालू बेरीज ठेव, न नोंदलेल्या दिवसांची. रिकामा दिवस असेल तर १, नाहीतर ०. तुझ्या आठ दिवसांसाठी ती अशी होईल:

```python
# M = [0, 0, 0, 0, 0, 0, 0, 1, 1]
missing = M[r+1] - M[l]
```

१२ ते १५ जून विचारलं तर पाऊस ९१२ वजा ४३४, म्हणजे ४७.८, आणि शेजारी ‘१ दिवसाची नोंद नाही’ असं दिसेल. आजोबांना दोन्ही आकडे दाखव.

पऱ्हाटी
ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आजच `M` जोडते.

आता नवीन गोंधळ. सगळी तीस वर्षं चढवून आजोबांसमोर पहिल्यांदा चालवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, २०२३ च्या २२ जुलैचा. तो दिवस यवतमाळ जिल्ह्यात कोण विसरेल? गावंच्या गावं पाण्यात, महागाव तालुक्यात माणसं अडकून पडलेली. प्रोग्राम म्हणाला, २२ जुलैला जवळजवळ काही नाही. शोधलं तर तो सगळा पाऊस १५ जुलैला पडलेला दिसतो. आजोबा काही बोलले नाहीत, वही उघडून २२ तारखेवर बोट ठेवलं. मला फार वाईट वाटलं. १९९५ पर्यंतची उत्तरं मात्र वहीशी तंतोतंत जुळतात.

वर्धाकाठ
बरोबर सात दिवस मागे. `len(a)` किती येतं ते सांग.

पऱ्हाटी
१०,९५०.

वर्धाकाठ
हवे १०,९५७. वह्या चढवताना प्रत्येक वर्षाला ३६५ ओळींचाच तक्ता वापरलास का?

पऱ्हाटी
हो! एक कोरा तक्ता केला होता आणि तोच दर वर्षी कॉपी केला. २९ फेब्रुवारीची ओळच नाही. वहीत ते सातही दिवस लिहिलेले आहेत.

वर्धाकाठ
मग १९९६ च्या फेब्रुवारीनंतर सगळं एका दिवसाने सरकलं, २००० नंतर दोन, आणि २०२० नंतर सात. तारखेवरून जागा काढणारं सूत्र एकही दिवस गाळलेला नाही असं धरून चालतं. तुझा जुना, हळू चालणारा कोड तारीख पाहूनच बेरीज करायचा, म्हणून त्यात ही चूक दिसली नाही. जलद पद्धतीत तारीख कुठेच उरत नाही, फक्त जागा उरते. कोडच्या सुरुवातीला ही एक ओळ कायमची ठेव:

```python
assert len(a) == (date(2023,12,31) - date(1994,1,1)).days + 1
```

आणि तो जुना कोड टाकून देऊ नकोस. शे-दोनशे तारखा कशाही निवडून दोन्ही कोडची उत्तरं ताडून पाहा. एवढं केलं असतंस तर आजोबांच्या आधी तुलाच कळलं असतं.

सोयाबीनवाला
मी दिग्रसकडचा. धागा वाचून राहवलं नाही. कृषी विभाग सांगतं की ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. आम्ही एका वर्षी मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलं, ओल चार बोटंसुद्धा नव्हती. पुढे पावसाने दडी मारली, बियाणं गेलं, खत गेलं, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून ७५ चा आकडा मी धरून बसतो. तुमच्या आजोबांच्या वहीतून एवढं निघेल का, की ८ जूनपासून मोजलं तर दर वर्षी ७५ मिलीमीटर कोणत्या तारखेला पूर्ण झाले? पेरणीची तारीख आधी ठरवून पाऊस बघणं उलटं आहे. आम्ही पाऊस बघून तारीख ठरवतो.

वर्धाकाठ
भाऊ, फार चांगला प्रश्न, आणि `P` तयार असेल तर उत्तर हाताशी आहे. पाऊस उणे पडत नाही, म्हणून `P` कधी खाली उतरत नाही. चढत्या यादीत मधोमध पाहत अर्धी अर्धी वगळत जाता येतं. ८ जूनच्या आदल्या दिवसापर्यंत जमलेली बेरीज `P[l]`. त्यात ७५० मिळवा आणि `P` तिथे पहिल्यांदा कधी पोचली ते शोधा:

```python
from bisect import bisect_left
day = bisect_left(P, P[l] + 750, l) - 1
```

२०११ च्या त्या आठ दिवसांत `P` ला ७५० च्या वर पहिला आकडा ९१२ मिळतो, जागा ८, म्हणून दिवस ७, म्हणजे १५ जून. फक्त `day` हंगामाच्या शेवटच्या दिवसाच्या पुढे जात नाही ना, ते तपासा. नाहीतर एखाद्या फारच कोरड्या वर्षाचं उत्तर पुढच्या वर्षाच्या पावसातून येईल.

दशांश मिलीमीटर पूर्णांकात घे म्हणालो होतो ते यासाठीच. कॉम्प्युटरमध्ये १२.४ किंवा ०.१ नेमके बसत नाहीत. ०.१ आणि ०.२ मिळवून पायथनला विचारा, तो ०.३ च्या शेपटीला चार लावून दाखवतो. साध्या बेरजेत तेवढ्याने काही बिघडत नाही. पण नेमके ७५.० झाले असताना हिशेबात ७४.९९९९ राहिले, तर हा शोध त्या दिवसावर थांबत नाही. तो पुढच्या पावसाच्या दिवसावर जाऊन थांबतो, आणि मधे आठ दिवसांचा खंड असेल तर पेरणी आठ दिवस पुढे गेलेली दिसते. ७५० पूर्णांक असला की ही भानगडच नाही.

सोयाबीनवाला
आभारी आहे दादा. एवढंच सांगतो, एका रात्रीत ७५ कोसळले तर त्यातलं निम्मं नाल्याला जातं. आठ दिवसांत रिमझिम करत ७५ पडले तर ते काळ्या मातीत मुरतात. तुमच्या बेरजेला दोन्ही सारखेच.

निंबोणीची_सावली
आणि २०११ चं उत्तर १५ जून आलं, पण आदल्याच दिवसाची नोंद नाही. आजोबा १४ ला घरी नसतील आणि भांडं कोणी रिकामं केलं नसेल, तर १५ ला मोजलेले ४२.२ हे दोन दिवसांचे आहेत. मग ७५ कदाचित १४ लाच पूर्ण झाले. माझं म्हणणं, असे काळ हिशेबातून सरळ वगळावेत.

वर्धाकाठ
सगळे वगळायला नकोत. पाणी भांड्यातच साचलं असेल तर `P[8]` बरोबरच आहे, ९१२. ठाऊक नाही तो एकच आकडा, `P[7]`, १४ तारखेच्या सकाळपर्यंतची बेरीज. ती ४९० आणि ९१२ च्या मधे कुठेतरी आहे. १२ ते १५ विचारलं तर `P[7]` लागतच नाही, उत्तर ४७.८ पक्कं. १४ तारखेला संपणारी किंवा १५ ला सुरू होणारी बेरीज तेवढी संशयित. पण मधे कोणी भांडं न मोजता ओतून दिलं असेल, तर ताईंचं खरं. तो पाऊस कायमचा गेला आणि तो दिवस ज्या ज्या काळात येतो त्या सगळ्या बेरजा कमी दिसणार. वहीत दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच दिसतात.

निंबोणीची_सावली
म्हणूनच वगळा म्हणते. उन्हाळ्यात भांड्यातलं थोडं पाणी उडूनही जातं.

खांबावरचा
मीटर बंद पडलं तर आम्ही सरासरी लावत होतो. लोकं शिव्या देत. पोरी, तू सरासरी नको लावू.

पऱ्हाटी
नाही लावणार काका.

२९ फेब्रुवारीच्या सातही ओळी भरल्या. २२ जुलै आता २२ जुलैलाच आहे. सव्वादोन लाख बेरजा एंटर दाबल्यावर लगेच येतात, आणि जुन्या कोडशी दोनशे तारखा ताडून पाहिल्या, सगळ्या जुळल्या.

रिकाम्या जागा तीस वर्षांत ४३ निघाल्या. आज दुपारी आजोबा-आजी दोघांना बसवून एकेक तारीख वाचून दाखवली. आजोबांना फारसं आठवलं नाही. आजीला बऱ्याच आठवल्या. १४ जून २०११ ला सगळे आत्याकडे साखरपुड्याला गेले होते, घराला कुलूप होतं, म्हणजे भांड्याला कोणी हात लावला नाही. ते ४२.२ दोन दिवसांचे धरले आणि सोयाबीनवाले भाऊंच्या यादीत त्या वर्षापुढे ‘१४ किंवा १५ जून’ लिहिलं. अशा सतरा जागांचा निकाल लागला. उरलेल्या सव्वीस `M` मध्ये तशाच ठेवल्यात. त्यातल्या चार श्रावणातल्या आहेत. आजी म्हणते, त्या दिवसांत ती पर्जन्यमापकाचं भांडं तुळशीला ओतायची.